तोट्याची वही, चढती रेघ

प्रश्न : मी सांगलीत नोकरी करते आणि गेली दोन वर्षे शेअर बाजारात डिलिव्हरीचे छोटे सौदे करते. शेअर घेतला की एक ते चार आठवडे ठेवायचा आणि स्टॉपलॉस आधीच ठरवायचा, एवढीच माझी पद्धत. भांडवल तीन लाख. प्रत्येक सौद्याचा नफातोटा वहीत लिहिते आणि खाली बेरीज मारते. गेल्या दहा सौद्यांत पाच नफ्याचे, पाच तोट्याचे. बेरीज मात्र उणे ८,८५० रुपये. घरून सल्ला मिळाला की पद्धतच चुकतेय, बंद कर. ऑफिसातला सहकारी म्हणतो, रुपयांत लिहू नकोस, आर मल्टिपलमध्ये लिही. पण रुपयांतला तोटा दुसऱ्या कशात लिहिला म्हणून तो नफा कसा होईल? ही स्वतःचीच फसवणूक नाही का? वहीच्या पानाची प्रत सोबत पाठवली आहे.

उत्तर : फसवणूक तेव्हा होते, जेव्हा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलं जातं. तुमच्या खात्यातून ८,८५० रुपये गेले हे खरंच आहे आणि आर त्यातला एक पैसाही परत आणणार नाही. पण घरून आलेला सल्ला पैशांबद्दलचा नाही, पद्धतीबद्दलचा आहे. शेअर निवडण्यात आणि विकण्यात तुमचं चुकतंय का, या प्रश्नाचं उत्तर रुपयांच्या बेरजेत नाही. तुमचं पान पाहिल्यावर मला ते लगेच जाणवलं.

आधी आर म्हणजे काय ते पाहू. तुमच्या वहीतला पहिलाच सौदा घेऊ. शेअर ४१२ रुपयांना घेतला, स्टॉपलॉस ४०० ला, नग १२५. म्हणजे सगळं बिघडलं तर एका शेअरमागे १२ रुपये, एकूण १,५०० रुपये जाणार, हे खरेदीच्या क्षणी तुम्ही मान्य केलं होतं. ही रक्कम म्हणजे त्या सौद्याचा एक आर. ‘रिस्क’चं पहिलं अक्षर, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. पुढे तो शेअर ४३७ च्या आसपास विकला आणि सगळा खर्च वजा जाता ३,००० रुपये हाती आले. पणाला १,५०० लावून ३,००० मिळाले, म्हणून निकाल +२ आर. ५१,५०० रुपयांच्या खरेदीवर किती टक्के सुटले, हा हिशेब इथे करायचाच नाही. भागायचं ते पणाला लावलेल्या रकमेने, गुंतवलेल्या नाही.

ही भाषा रूढ केली अमेरिकेतल्या व्हॅन थार्प यांनी. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. जॅक श्वागर यांच्या १९८९ च्या ‘मार्केट विझर्ड्स’मध्ये बड्या ट्रेडर मंडळींच्या मुलाखतींबरोबर त्यांचीही मुलाखत आहे. आपल्या कार्यशाळांमध्ये ते एक खेळ घेत. पिशवीत गोट्या असत आणि प्रत्येक गोटीचा आर ठरलेला असे : काही उणे १, काही अधिक २, एखादी अधिक १०, तर एखादी उणे ५. एक गोटी काढायची, निकाल सगळ्यांना लागू, गोटी परत पिशवीत. प्रत्येकाकडे सारखंच खोटं भांडवल असे. पुढच्या गोटीवर किती लावायचं एवढंच ज्याने त्याने ठरवायचं. गोट्या सगळ्यांसाठी त्याच, तरी शेवटी कुणी श्रीमंत झालेला असे आणि कुणी दिवाळखोर. तुमच्या पानावरही असाच खेळ झाला आहे, फक्त खेळणारी एकटी तुम्ही आहात.

आता ते पान. शेवटचे तीन रकाने मी भरले आहेत. निकाल सगळा खर्च जाऊन उरलेला आहे आणि सौदे विक्रीच्या तारखेच्या क्रमाने आहेत.

| सौदा | पणाला (रु.) | निकाल (रु.) | आर | रुपयांची चालू बेरीज | आरची चालू बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,५०० | +३,००० | +२.० | ३,००० | २.० |
| २ | १,५०० | −१,६५० | −१.१ | १,३५० | ०.९ |
| ३ | १,२०० | +३,००० | +२.५ | ४,३५० | ३.४ |
| ४ | १,६०० | −१,७६० | −१.१ | २,५९० | २.३ |
| ५ | १,५०० | +१,२०० | +०.८ | ३,७९० | ३.१ |
| ६ | १,४०० | −१,५४० | −१.१ | २,२५० | २.० |
| ७ | १,५०० | +४,५०० | +३.० | ६,७५० | ५.० |
| ८ | ६,००० | −६,६०० | −१.१ | १५० | ३.९ |
| ९ | ७,५०० | −१०,५०० | −१.४ | −१०,३५० | २.५ |
| १० | १,००० | +१,५०० | +१.५ | −८,८५० | ४.० |

शेवटच्या दोन रकान्यांच्या दोन रेघा एकाच कागदावर काढा. सातव्या सौद्यापर्यंत त्या हातात हात घालून चालतात. मग रुपयांची रेघ कड्यावरून खाली कोसळते; आरची रेघ दोन पायऱ्या उतरते आणि पुन्हा चढते. दहा सौद्यांअखेर रुपये उणे ८,८५०, आर अधिक ४.

आठव्या सौद्यासमोर तुम्ही समासात ‘खात्रीचा’ असं लिहिलंय. नवव्यासमोर ‘भरून काढायचा’. दहाव्यासमोर काहीच नाही, पण त्यात पणाला फक्त १,००० आहेत. हात भाजल्यावर आखडला, हे न लिहिताही कळतं. आठव्यात निवड नेहमीसारखीच होती. स्टॉपलॉस लागला, उणे १.१ आर, जसा दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्यात लागला होता तसाच. फरक एवढाच की पणाला नेहमीच्या चौपट पैसे होते.

या फरकाची किंमत काढता येते आणि ती काढावीच. दहा सौद्यांत मिळून तुम्ही २४,७०० रुपये पणाला लावलेत, म्हणजे सरासरी २,४७० प्रत्येकी. तेवढाच धोका दहाही सौद्यांत सारखा वाटून घेतला असता, तर ४ आर गुणिले २,४७०, म्हणजे ९,८८० रुपये नफा झाला असता. प्रत्यक्षात ८,८५० गेले. दोन्हींतलं अंतर १८,७३० रुपये. हे १८,७३० ना बाजाराने घेतले, ना तुमच्या निवडीने. कुठे जास्त लावायचं आणि कुठे कमी, या निर्णयाने घेतले. रुपयांची बेरीज या दोन गोष्टी एकत्र कालवते आणि मग कालवणात मीठ जास्त झालं की भाजीच वाईट असं वाटतं.

उलटही होऊ शकलं असतं. आठवा आणि नववा सौदा प्रत्येकी +१ आरने सुटले असते, तर पानाच्या तळाशी २१,७५० रुपये नफा दिसला असता आणि घरून कौतुक आलं असतं. निवड तेव्हाही इतकीच बरी-वाईट असती. नफ्याच्या वहीत लपलेली ही चूक मला जास्त घातक वाटते, कारण ती वही कुणी पुन्हा उघडून बघत नाही.

रकाने भरताना दोन-तीन गोष्टी सांभाळा.

पहिली : आर एकदा ठरला की गोठला. तुम्ही ४१२ ला घेतलेला शेअर ४२५ वर गेल्यावर स्टॉपलॉस ४१२ ला सरकवलात, हे शहाणपणाचंच आहे. पण त्याने आर शून्य होत नाही. भागायचं ते पहिल्या १,५०० नेच. मी असे लोक पाहिलेत जे सरकवलेल्या स्टॉपलॉसने भागतात आणि मग त्यांच्या वहीत +१५ आर, +२० आर असे आकडे पिकतात.

दुसरी : स्टॉपलॉस सौद्याआधी लिहा. नंतर ‘माझा स्टॉप तसा ३९५ ला होता’ असं म्हणायला मन फार तयार असतं. जीटीटी ऑर्डर लावत असाल तर तिची वेळ ब्रोकरच्या ॲपमध्ये दिसते. वहीतला आकडा तिच्याशी ताडून बघा.

तिसरी : निकाल खर्च वजा करूनच लिहा. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय एक्सचेंजचे चार्जेस, विक्रीच्या वेळी डीपी चार्ज, आणि असली तर दलाली. दलाली शून्य धरली तरी येऊन-जाऊन खरेदीच्या रकमेच्या पाव टक्क्याच्या आसपास जातं. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण आरच्या भाषेत तो किती होतो हे स्टॉपलॉस किती दूर आहे यावर ठरतं. तुमचा स्टॉप खरेदीभावापासून साधारण ३ टक्के दूर असतो, म्हणून खर्च ०.०८ आर, आणि ट्रिगर लागल्यावर भाव थोडा खाली मिळतो तो धरून तोटा १.१ आर होतो. स्टॉप १ टक्क्यावर आणलात तर तोच खर्च पाव आर होईल. दर सौद्याला पाव आर म्हणजे तुमच्या सध्याच्या सरासरीतला, दर सौद्यामागे ०.४ आर मिळतात त्यातला, अर्ध्याहून जास्त भाग. स्टॉप जवळ आणला की नग जास्त घेता येतात आणि मोठे आर मिळतात, असं व्हिडिओंमध्ये सांगतात. खर्चाचा रकाना कुणी दाखवत नाही.

नववा सौदा उणे १.४ आहे, कारण शेअर सकाळी गॅप डाउन उघडला आणि स्टॉपच्या खाली विकला गेला. तो १.४ च लिहा. ‘ठरवलेला तोटा १ होता, बाकी नशीब’ म्हणून १ लिहिलं, की ती रेघ तुमच्या खात्याची राहत नाही.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करायचं तर B मध्ये खरेदीभाव, C मध्ये पहिला स्टॉपलॉस, D मध्ये नग, F मध्ये काँट्रॅक्ट नोटनुसार निव्वळ निकाल भरा. बाकी तीन रकाने आपोआप येतील :

```
E2: =ABS(B2-C2)*D2
G2: =F2/E2
H2: =SUM(G$2:G2)
```

ही सूत्रं खाली ओढा आणि H वर रेषाचित्र लावा. झाली तुमची इक्विटी कर्व्ह.

प्रश्न : (याच वाचकांचं दुसरं पत्र.) जुन्या वह्या काढून सगळे सौदे आरमध्ये बदलायला बसले आणि दोन ठिकाणी अडले. एक, मी बऱ्याचदा अर्धे शेअर आधी विकते आणि अर्धे ठेवते. दोन, मागच्या वर्षी एक शेअर पडत असताना आणखी घेतला, म्हणजे ॲव्हरेज केला. तो कसा लिहू?

उत्तर : पहिलं सोपं आहे, पण तिथेच सर्वाधिक गडबड होते. समजा तोच ४१२ चा शेअर, स्टॉप ४००, नग १२५. त्यातले ६० तुम्ही ४२४ ला विकलेत, म्हणजे शेअरमागे १२ रुपये, एक आर. उरलेले ६५ गेले ४४८ ला, शेअरमागे ३६, म्हणजे तीन आर. अनेक जण हे दोन ओळींत लिहितात, +१ आणि +३, आणि बेरीज +४ करतात. पण एक पूर्ण आर १२५ नगांचा होता. पहिल्या विक्रीत ७२० रुपये आले, दुसरीत २,३४०, एकूण ३,०६०. त्याला १,५०० ने भागा : खर्चाआधी २.०४ आर. सौदा एक, ओळ एक, आणि तारीख शेवटचा शेअर विकला त्या दिवसाची.

या पद्धतीचा एक फायदा लगेच कळेल. अर्धे आधी विकल्याने रेघ गुळगुळीत होते खरी, पण सगळे १२५ ४४८ पर्यंत ठेवले असते तर +३ आर मिळाले असते. शांत झोपेसाठी तुम्ही जवळजवळ एक आर मोजला. तो वाजवी होता की नाही हे मी सांगणार नाही, पण वीस-पंचवीस सौद्यांसमोर ‘सगळे ठेवले असते तर’ हा आकडा बारीक अक्षरांत लिहून बघा. ज्या सौद्यांत शेअर ४२४ वरून मागे फिरला, तेही धरा. नाहीतर उत्तर आधीच ठरवून हिशेब केल्यासारखं होईल.

चढत्या शेअरमध्ये भर घातली असेल, म्हणजे ४३० ला आणखी १०० घेतले आणि त्यांचा स्टॉप ४१८, तर ती नवी ओळ. तिचा स्वतंत्र आर १,२००. निर्णय नवा, धोका नवा.

आता ॲव्हरेजिंग. तुम्ही पाठवलेल्या तपशिलानुसार स्टॉप ४०० होता, तो लागला आणि तुम्ही विकलं नाहीत. ३८८ ला आणखी १२५ घेतलेत आणि शेवटी सगळे ३७० ला सोडलेत. इथे वहीत पळवाट दिसते : सरासरी भाव ४०० धरायचा, मोठी जोखीम दाखवायची आणि तोटा लहान आरमध्ये मावेल असं करायचं. तसं करू नका. पहिले १२५ नग ४१२ ला घेतले, ३७० ला गेले, ४२ रुपये गुणिले १२५, म्हणजे ५,२५०. भागिले १,५००, तर उणे ३.५ आर. दुसऱ्या १२५ नगांना स्टॉपच नव्हता, म्हणून त्यांचा आर काढता येत नाही. त्यांचे २,२५० रुपये त्याच पहिल्या सौद्यात घाला. ७,५०० भागिले १,५००, उणे ५ आर. थार्प यांच्या पिशवीत उणे ५ ची गोटी असे, ती अशीच कुठून तरी येते.

हा आकडा पाहून वाईट वाटेल. पण त्यानंतर पाच चांगले, +१ आरचे सौदे जातात ते हा एकच खड्डा भरायला, हे रुपयांच्या वहीत कधी दिसलं नसतं. तिथे तो नुसता ७,५०० रुपयांचा तोटा होता, आणि त्याच वर्षी तुम्ही दुसरीकडे ९,००० कमावले म्हणून विसरलात.

प्रश्न : (सातारा.) तुमच्या आधीच्या उत्तरात दहा सौद्यांत +४ आर आले. म्हणजे सरासरी ०.४. इतक्यावर त्या बाईंना पद्धत चालू ठेवा असं सांगता येईल का?

उत्तर : नाही, आणि मीही तसं सांगितलेलं नाही. मी एवढंच म्हटलं की रुपयांतल्या तोट्याचं खापर पद्धतीवर फोडू नका.

दहा सौदे फार थोडे आहेत, हे दाखवायला संख्याशास्त्राची गरज नाही. त्या यादीतला सर्वांत मोठा नफा, +३, काढून टाका. उरले नऊ सौदे आणि +१ आर. पुढचा मोठा, +२.५, काढा. उरले आठ सौदे आणि उणे १.५. म्हणजे सगळा नफा दोन सौद्यांच्या खांद्यावर उभा आहे. कदाचित ही पद्धतच तशी असेल, थोडे मोठे नफे आणि बरेच लहान तोटे. अशा पद्धती असतात आणि चालतात. पण मग त्या मोठ्या नफ्यांची वारंवारता कळायला शंभर सौदे तरी लागतील.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी : त्या दहा निकालांचं प्रमाण विचलन साधारण १.७४ आर आहे. ते दहाच्या वर्गमुळाने भागा, ०.५५ येतं. सरासरी ०.४ आणि तिच्यातली अनिश्चितता ०.५५, शून्यापासून ती वेगळी ओळखूच येत नाही. हाच फैलाव ठेवून सौदे शंभर झाले, तर अनिश्चितता ०.१७ वर येईल, आणि तेव्हा ०.४ ला काही अर्थ असेल. महिन्याला चार सौदे करणाऱ्याला दोन वर्षं लागतील. घाई असेल तर आर मल्टिपल उपयोगाचं नाही.

आरची रेघ आणखी काय दाखवत नाही, हेही इथे सांगतो. ती भांडवल दाखवत नाही. ३ टक्क्यांच्या स्टॉपवर १,५०० पणाला लावायला ५०,००० चे शेअर लागतात. १ टक्क्याच्या स्टॉपवर दीड लाखाचे. दोन्ही सौदे +२ आर झाले तर वहीत सारखेच दिसतील, पण दुसऱ्याने तीन लाखांचं अर्धं भांडवल तीन आठवडे अडकवून ठेवलं आणि त्या पैशांत दुसरा सौदा करता आला नाही. म्हणून आरच्या शेजारी दिवसांचा रकाना ठेवतो मी.

एकाच वेळी उघडे सौदे हा दुसरा खड्डा. पाच बँकांचे शेअर एकाच आठवड्यात घेतले आणि एका सकाळी पाचही स्टॉप लागले, तर वहीत पाच ओळी आणि उणे पाच आर दिसतील. खरं तर बँकांवरचा तो एकच सौदा होता, पाच आरचा. रेघेत तो पाच पायऱ्यांत विभागून दिसतो, आणि पद्धतीला पाचदा अपयश आलं असं वाटतं.

तिसरं, आरची बेरीज साधी असते, खात्याची तशी नसते. दर सौद्याला भांडवलाच्या १ टक्का पणाला लावणाऱ्याचे सलग १० आर गेले, तर खातं साधारण ९.६ टक्क्यांनी उतरतं. ५ टक्के लावणाऱ्याचे तेच १० आर गेले, तर ४० टक्के, आणि पुन्हा होतं तिथे यायला ६७ टक्के नफा लागतो. रेघ दोघांची एकच. म्हणून रेघेवर सर्वांत खोल उतार किती आरचा आहे ते मोजायचं आणि मग ठरवायचं की एका आरला किती टक्के द्यायचे. सांगलीच्या वहीत तो उतार ५.० वरून २.५ पर्यंत, अडीच आरचा आहे. तीन लाखांच्या १ टक्का, म्हणजे ३,००० च्या आरला तो ७,५०० झाला असता, भांडवलाच्या अडीच टक्के. त्यांनी प्रत्यक्षात सोसले १७,१००, म्हणजे ५.७ टक्के. दहा सौद्यांत अडीच आरचा उतार दिसला, तर शंभरात त्याच्या किमान दुप्पट तरी दिसेल असं धरूनच मी आर ठरवला असता.

प्रश्न : (ठाणे.) मी ऑप्शन विकतो, स्टॉपलॉस लावत नाही, ॲडजस्टमेंट करतो. माझा आर कोणता? मार्जिन धरू का?

उत्तर : ऑप्शन विकत घेणाऱ्याचं सोपं आहे. १२० रुपये प्रीमियम दिला आणि ८० ला निघायचं ठरवलं, तर ४० गुणिले लॉट हा आर. निघायचं कुठे हेच ठरवलं नाही तर पूर्ण १२०. विकणारा ६० रुपये प्रीमियम घेऊन, तो १२० झाला की निघेन असं ठरवून सौद्यात शिरत असेल, तर ६० हा आर. त्याचे सगळे नफे +१ च्या आत राहतील आणि एखाद्या गॅपच्या सकाळी उणे ३ किंवा उणे ४ येईल. त्या व्यवसायाचा खरा चेहरा तसाच आहे, आणि तो वहीत दिसलेला बरा.

मार्जिन मात्र धरू नका. ती एक्सचेंजने मागितलेली अनामत आहे. तुम्ही किती हरायला तयार आहात हे ती सांगत नाही. मार्जिनने भागलं की भाजक इतका मोठा होतो की प्रत्येक निकाल शून्याजवळ येतो आणि रेघ अगदी संथ, सुंदर चढताना दिसते. एखाद्या दिवशी मार्जिनपेक्षा जास्त जाऊ शकतं, आणि ती रेघ तोपर्यंत त्याची चाहूलसुद्धा देत नाही.

राहिला तुमचा प्रश्न. निघायचा भाव ठरलेला नाही, तर भाजक नाही. ॲडजस्टमेंट कितव्या पातळीला करणार आणि तीही चुकली तर कुठे सगळं सोडणार, हे दोन आकडे तुमच्याकडे असतील तर दुसऱ्या आकड्यावर होणारा एकूण तोटा हा आर धरा, आणि मधल्या सगळ्या ॲडजस्टमेंट त्याच एका ओळीत घाला. दुसरा आकडा नसेल, तर रुपये लिहा आणि आरचा रकाना कोरा ठेवा.